क्रम बदलला तरी चालते तेव्हा: सारण्यांच्या समाईक दिशा

सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, ही एक क्रिया असते. ती संख्यांची एक यादी घेते आणि दुसरी यादी देते. अशा यादीला सदिश म्हणतात. एकामागून एक दोन सारण्या लावल्या, तर आधी कोणती लावली यावर बहुधा उत्तर बदलते. संख्यांच्या गुणाकाराला क्रमाची पर्वा नसते, सारण्यांच्या गुणाकाराला ती असते. मात्र काही जोड्यांच्या बाबतीत AB = BA असते. अशा सारण्यांना परस्पर क्रमनिरपेक्ष म्हणतात.

सारणीचे काही सदिश विशेष असतात. सारणी लावल्यावर त्यांची दिशा बदलत नाही, फक्त ते एखाद्या संख्येच्या पटीत लांब किंवा आखूड होतात, किंवा उलटे होतात. असा सदिश म्हणजे आयगेन सदिश आणि ती संख्या म्हणजे आयगेन मूल्य. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘स्वतःचा’ असा आहे. एखाद्या सारणीचे आयगेन सदिश पुरेसे असतील, म्हणजे बाकीचा कोणताही सदिश त्यांच्या पटी एकत्र करून मांडता येत असेल, तर त्या सारणीचे विकर्णीकरण होऊ शकते. या सदिशांच्या चौकटीतून पाहिले की सारणीच्या कर्णावर आयगेन मूल्ये उरतात आणि बाकी सगळीकडे शून्य.

अशा दोन सारण्या परस्पर क्रमनिरपेक्ष असतील, तर दोघींना पुरून उरेल असा आयगेन सदिशांचा एकच समाईक संच निवडता येतो. हे विधान काय सांगते ते एका उदाहरणात स्पष्ट दिसते.

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार उभ्या, गुळगुळीत सळया आहेत आणि प्रत्येकीवर सारख्या वजनाचा एक मणी वर-खाली सरकू शकतो. शेजारचे मणी ताणून बसवलेल्या सारख्या स्प्रिंगांनी जोडलेले आहेत. मागचा डावा मणी 1, मागचा उजवा 2, पुढचा उजवा 3 आणि पुढचा डावा 4. मण्यांची उंची अनुक्रमे x1, x2, x3, x4. पहिल्या मण्याला मागे खेचणारे बल 2x1 − x2 − x4 या राशीच्या प्रमाणात असते, बाकीच्यांचेही तसेच. ही चार सूत्रे मिळून सारणी K तयार होते. मणी कसे डोलतील हे जाणून घ्यायचे तर K चे आयगेन सदिश शोधावे लागतात.

सरळ हिशेब करायचा तर चौथ्या घाताचे समीकरण सोडवावे लागेल. त्याऐवजी चौरसाच्या दोन सममितींकडे पाहता येते. M ही सारणी डावी-उजवी अदलाबदल करते: 1 च्या जागी 2 आणि 4 च्या जागी 3. N पुढची-मागची अदलाबदल करते: 1 च्या जागी 4 आणि 2 च्या जागी 3. फक्त पहिला मणी उचलला आणि आधी M, मग N लावली, तर उचललेपण 1 वरून 2 वर आणि तिथून 3 वर जाते. उलट क्रमाने ते 4 मार्गे जाते, पण पोचते 3 वरच. म्हणजे MN = NM. स्प्रिंगा सारख्या असल्यामुळे K चेही दोघींशी जमते.

अदलाबदल दोनदा केली की सगळे पूर्ववत होते, म्हणून M आणि N यांची आयगेन मूल्ये +1 किंवा −1 एवढीच असू शकतात. दोन्ही चिन्हे ठरवली की सदिश आपोआप हाती येतो. दोन्ही + असतील तर (1, 1, 1, 1). M चे + आणि N चे − असेल तर (1, 1, −1, −1). याच्या उलट असेल तर (1, −1, −1, 1). दोन्ही − असतील तर (1, −1, 1, −1). एकट्या M कडे +1 मूल्याचे दोन स्वतंत्र सदिश आहेत, त्यामुळे तिच्यावरून काही पक्के ठरत नाही. दोघींची चिन्हे एकत्र घेतली की चौघांना चार वेगवेगळे पत्ते मिळतात. प्रत्येक पत्त्यावर एकच दिशा राहत असल्याने K लाही तिथून हलता येत नाही. समीकरण न सोडवता K चे चारही आयगेन सदिश मिळाले. आता प्रत्येक K मध्ये घालून मूल्य तेवढे वाचायचे: अनुक्रमे 0, 2, 2 आणि 4. मण्याचे वजन आणि स्प्रिंगेची ताकद 1 धरली, तर या मूल्यांची वर्गमुळे डोलण्याचा वेग सांगतात. 0 म्हणजे चारही मणी एकत्र सरकतात आणि त्यांना कुणी मागे खेचत नाही.

डाव्या-उजव्या मण्यांमधल्या स्प्रिंगांची ताकद a आणि पुढच्या-मागच्या मण्यांमधल्यांची b केली, तरी M आणि N यांच्याशी K चे जमणे मोडत नाही. सदिश तेच राहतात, मूल्ये फक्त 0, 2b, 2a आणि 2a + 2b होतात.

यामागचे कारण दोन ओळींचे आहे. v हा A चा आयगेन सदिश असून मूल्य λ आहे, असे धरू. मग A(Bv) = B(Av) = λ(Bv). म्हणजे B लावल्यावरही सदिश A च्या त्याच मूल्याच्या घरात राहतो. घरात एकच दिशा असेल, तर Bv ला v च्या पटीतच असावे लागते. दिशा अनेक असतील, तर B घरातल्या घरात फिरवते आणि तिथे B चे आयगेन सदिश निवडावे लागतात. B चे विकर्णीकरण होत असल्याने ते पुरेसे मिळतात. ही अट सोडली तर गाडे अडते. [[1, 1], [0, 1]] ही सारणी एकक सारणीशी क्रमनिरपेक्ष आहे, पण तिला आयगेन सदिशांची एकच दिशा आहे.

समाईक संच असतो याचा अर्थ एकीचा प्रत्येक आयगेन सदिश दुसरीचाही असतो, असा नव्हे. सारख्या स्प्रिंगांच्या K साठी (1, 0, −1, 0) हाही मूल्य 2 चा आयगेन सदिश आहे, पण M लावल्यावर तो (0, 1, 0, −1) होतो. संगणकाकडून K चे सदिश मागवले, तर मूल्य 2 साठी तो असली कोणतीही जोडी देऊ शकतो. उत्तर बरोबर असते, पण M च्या कामाचे नसते. यावर उपाय म्हणजे M + 2N या सारणीचे आयगेन सदिश काढणे. तिची मूल्ये 3, −1, 1 आणि −3 अशी चारही वेगळी आहेत, त्यामुळे निवडीला वावच राहत नाही. नुसत्या M + N ने भागत नाही, कारण तिथे 0 दोनदा येतो.

कर्णातून होणारी अदलाबदल D घेतली, म्हणजे 2 च्या जागी 4, तर चित्र बदलते. पहिला मणी उचलून आधी M, मग D लावली की उचललेपण 4 वर पोचते; उलट क्रमाने 2 वर. M आणि D यांचे जमत नाही, म्हणून त्यांना पुरेसा समाईक संचही मिळत नाही. तरीही सारख्या स्प्रिंगांच्या K चे दोघींशी जमते. D ही (1, 1, −1, −1) ला (1, −1, −1, 1) मध्ये नेते, म्हणून K साठी या दोघांचे मूल्य एकच असावे लागते. मूल्य 2 दोनदा आले ते यामुळे. a आणि b वेगळे होताच D शी जमणे मोडते आणि 2a व 2b वेगळे होतात.

अणूंच्या अभ्यासात हीच रीत वापरली जाते. हायड्रोजनच्या साध्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनचे फिरकी-संवेग बाजूला ठेवले, तर दुसऱ्या ऊर्जापातळीवर चार अवस्था असतात आणि ऊर्जेवरून त्या ओळखू येत नाहीत. एकूण कोनीय संवेगाचा वर्ग आणि त्याचा एका अक्षावरचा घटक या राशींच्या क्रिया ऊर्जेच्या क्रियेशी आणि एकमेकींशी क्रमनिरपेक्ष आहेत. त्यांची मूल्ये जोडली की चारही अवस्थांना स्वतंत्र पत्ता मिळतो. कोनीय संवेगाच्या दोन वेगवेगळ्या अक्षांवरच्या घटकांचे मात्र M आणि D सारखेच जमत नाही, म्हणून पत्त्यात त्यांपैकी एकच लिहिता येतो.