कॅल्शियम कमी आलं? आधी अल्ब्युमिनचा आकडा बघा

रक्ताच्या रिपोर्टवर कॅल्शियमसमोर खाली जाणारा बाण दिसला की घरात एकच निष्कर्ष निघतो: हाडं ठिसूळ झाली, दूध वाढवा, गोळ्या सुरू करा. हा गैरसमज सगळ्यात पसरलेला आहे, म्हणून आधी तो दूर करू. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातला वाटा अगदी थोडा असतो आणि शरीर तो फार काटेकोरपणे सांभाळतं. आहारात कमी पडलं तर गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. त्यामुळे हाडं विरळ झालेल्या बाईच्या रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. रक्तातलं कॅल्शियम कमी येणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा त्याच रिपोर्टवर चार ओळी खाली किंवा वर छापलेलं असतं.

नेहमीच्या तपासणीत ‘सिरम कॅल्शियम’ म्हणून जो आकडा येतो, तो रक्तातल्या एकूण कॅल्शियमचा असतो. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही त्याची नॉर्मल मर्यादा. लॅबप्रमाणे थोडा फरक असतो. या एकूण कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपास मोकळं असतं, त्याला आयनाइज्ड कॅल्शियम म्हणतात. जवळपास ४० टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्यातही मुख्यतः अल्ब्युमिनला. उरलेलं थोडं फॉस्फेट, सायट्रेट अशा घटकांशी जोडलेलं. स्नायू, नसा आणि हृदय यांचं काम चालतं ते मोकळ्या कॅल्शियमवर. पॅराथायरॉईड ग्रंथीसुद्धा लक्ष ठेवतात ते मोकळ्यावरच.

आता अल्ब्युमिन कमी झालं तर काय होईल? चिकटलेला वाटा घटेल, म्हणून एकूण आकडा खाली येईल. मोकळं कॅल्शियम मात्र होतं तिथेच राहील, आणि शरीराच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसेल.

एक नमुना उदाहरण घेऊ. ६८ वर्षांचे एक आजोबा न्यूमोनियामुळे पाच दिवस दवाखान्यात आहेत. ताप उतरतो आहे, सलाईन चालू आहे. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ७.६ येतं. मुलगा घाबरून विचारतो, “डॉक्टर, एवढं कमी? कॅल्शियमचं इंजेक्शन देणार ना?” डॉक्टर कागदावर बोट खाली नेतात. अल्ब्युमिन २.६ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, जे एरवी ३.५ ते ५ असायला हवं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचं, असा सरळ हिशोब आहे:

दुरुस्त कॅल्शियम = मोजलेलं कॅल्शियम + ०.८ × (४ − अल्ब्युमिन)

४ मधून २.६ गेले, राहिले १.४. त्याला ०.८ ने गुणलं की १.१२. ते ७.६ मध्ये मिळवलं की ८.७२. म्हणजे नॉर्मल. आजोबांना ओठांभोवती मुंग्या येत नाहीत, हातापायांना पेटके येत नाहीत, ईसीजीही ठीक आहे. इंजेक्शनची गरज नाही. हे समजणं महत्त्वाचं, कारण शिरेतून दिलेलं कॅल्शियम निरुपद्रवी नसतं. ते घाईने दिलं तर हृदयाची गती मंदावू शकते, आणि शिरेबाहेर पाझरलं तर तिथलं मांस जळतं.

इथे लगेच दुसरा गैरसमज डोकावतो: अल्ब्युमिन कमी म्हणजे पेशंटचं खाणं कमी, तेव्हा प्रोटीन पावडर सुरू करा. अंगात संसर्ग किंवा सूज असताना यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि रक्तवाहिन्यांतून ते बाहेरही झिरपतं, त्यामुळे चांगलं जेवणाऱ्या माणसाचंही अल्ब्युमिन आजारपणात उतरतं. यकृताचा सिरॉसिस आणि लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा विकार ही आणखी दोन नेहमीची कारणं. म्हणून शोध अल्ब्युमिन का उतरलं याचा घ्यावा लागतो.

याच आकडेमोडीची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते, कारण तिथे रिपोर्टवर बाणच नसतो. कॅन्सरच्या एखाद्या पेशंटचं कॅल्शियम १० आणि अल्ब्युमिन २ आलं, तर छापील कागदावर कॅल्शियम नॉर्मल दिसतं. हिशोब केला की ते ११.६ निघतं, म्हणजे वाढलेलं. त्याला तहान फार लागते, बद्धकोष्ठता आहे, तो गुंगीत असतो, आणि नातेवाईक हे सगळं मूळ आजाराच्या खाती टाकतात. कॅल्शियम नॉर्मल छापलंय म्हणजे प्रश्न मिटला, हे इथे खरं नसतं.

उलट, कमी अल्ब्युमिनचं कारण पुढे करून खरी कमतरता झटकून टाकणंही चूक. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एखाद्या बाईचं कॅल्शियम ७.४ आणि अल्ब्युमिन ४.१ आलं, तर हिशोब करूनही ते ७.३ च्या घरातच राहतं. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या जाऊ शकतात. तिच्या बोटांना मुंग्या येत असतील, बीपीचा पट्टा फुगवून ठेवल्यावर हाताची बोटं आखडून मिटत असतील, तर ही कमतरता खरी आहे आणि उपचार तातडीने हवेत.

आता सूत्राबद्दलचाच गैरसमज: सूत्राने आलेला आकडा म्हणजे अंतिम सत्य. तसं नाही. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या पेन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशी दुरुस्ती मांडली, तेव्हापासून तिची वेगवेगळी रूपं वापरात आली. ती सरासरीवर आधारलेली आहेत. आयसीयूतल्या, डायलिसिसवरच्या आणि अल्ब्युमिन फारच कमी असलेल्या पेशंटमध्ये ती हमखास घसरतात. अनेकदा दुरुस्त आकडा नॉर्मल दिसतो आणि मोकळं कॅल्शियम प्रत्यक्षात कमी असतं. रक्ताची आम्लता बदलली तरी तोच घोळ. भीतीने भराभर श्वास घेणाऱ्या माणसाचं रक्त अल्कधर्मी होतं, कॅल्शियम अल्ब्युमिनला जास्त चिकटतं आणि बोटांना मुंग्या येतात. एकूण कॅल्शियम आणि अल्ब्युमिन मात्र जसेच्या तसे. अशा सगळ्या ठिकाणी आयनाइज्ड कॅल्शियम थेट मोजावं. नमुना हवा न लागता बंद ठेवून लगेच तपासावा लागतो, नाहीतर त्याची आम्लता बदलते आणि आकडाही.

कमतरता खरी ठरली तर पुढच्या तपासण्या म्हणजे मॅग्नेशियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉईड हार्मोन. यात मॅग्नेशियम विसरू नये. ते फार कमी असेल तर कितीही कॅल्शियम द्या, आकडा वर सरकत नाही.

आणि कॅल्शियम अविश्वसनीय वाटावं इतकं कमी, म्हणजे ४ वगैरे आलं, पेशंट मात्र शांतपणे गप्पा मारतोय, तर आधी नमुन्यावर संशय घ्यावा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. त्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं गेलं तर कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खाली जातात आणि पोटॅशियम खूप वर जातं. हे तिन्ही एकत्र दिसले तर ईसीजी काढावा, आणि तो ठीक असेल तर औषधाआधी नवीन ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यावं.