‘फक्त ३७ हजार’ नेमके कितीचे?

दुकानातल्या फलकावर ६० हजारांचा फोन ‘फक्त ३७ हजारांत’ मिळतो. हिशेब असा: जुन्या फोनचे १४ हजार, एक्स्चेंज बोनस ५ हजार आणि बँकेचा कॅशबॅक ४ हजार. बेरीज चोख आहे, पण जुना फोन काही फुकटचा नव्हता.

समजा, तोच जुना फोन बाहेर १७ हजारांना विकला जातो. म्हणजे ग्राहक ३७ हजार रोख आणि १७ हजारांची वस्तू देतो. नवा फोन पडतो ५४ हजारांना. गाजावाजा झालेल्या बोनसमधले ३ हजार जुन्या फोनच्या कमी भावातच जिरले. खरा फायदा उरला २ हजारांचा. अनोळखी गिऱ्हाइकाशी घासाघीस टाळण्याची ही किंमत म्हटली, तर सौदा वाईट नाही.

मात्र ऑनलाइन खरेदीत दारात आलेला माणूस स्क्रीनवरचा चरा पाहून भाव उतरवू शकतो, आणि एक्स्चेंज रद्द केले की बोनसही जातो.

कॅशबॅकचेही तसेच. झटपट सवलत बिलातच वजा होते; कॅशबॅक मात्र अनेकदा दोन-तीन महिन्यांनी कार्डावर जमा होतो, तोवर पूर्ण बिल भरावे लागते. म्हणून जुन्या फोनचा बाहेरचा भाव आधी काढा, मगच दुकानात जा.