धबधब्यासमोरचा माणूस पुसता येतो का?

पावसाळ्यात पुण्याहून मुळशीमार्गे माणगावकडे जाताना ताम्हिणी घाटात धबधब्याचा व्हिडिओ काढला, की त्यात कुणीतरी शिरतोच. समजा, आठ सेकंदांची क्लिप आहे आणि लाल रेनकोटातला एक पर्यटक प्रवाहासमोरून डावीकडून उजवीकडे जातो. फोटो असता तर त्याच्याभोवती बोट फिरवून त्याला पुसता आलं असतं. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर ‘मॅजिक इरेझर’ आणलं, ॲपलचं ‘क्लीन अप’ २०२४ मध्ये आलं. पण ही साधनं आली ती फोटोंसाठी. २०२३ मध्ये पिक्सेल ८ मध्ये व्हिडिओसाठी आलेलं इरेझर आवाज पुसतं, माणूस नाही.

अडचण कुठे आहे? फोटोतून माणूस काढल्यावर मागे काय होतं, हे फोनला माहीत नसतं. आजूबाजूचा खडक आणि पाणी पाहून तो पटेल असं काहीतरी रचतो. ते खरं नसलं तरी एकदाच रचायचं असल्याने चालून जातं. व्हिडिओत सहसा सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे आपल्या क्लिपमध्ये २४० चित्रं असतात. प्रत्येक चित्र वेगळं पुसलं, तर एकात खडकावर भेग उमटते, पुढच्यात शेवाळ. क्लिप चालवली की ती जागा थरथरू लागते.

म्हणून व्हिडिओतला माणूस पुसणारी चांगली सॉफ्टवेअर आधी रचत नाहीत, शोधतात. पर्यटक उजवीकडे सरकला की डावीकडचा खडक उघडा पडतो. तोच खरा खडक उचलून आधीच्या चित्रांत बसवला जातो. त्यासाठी चित्रागणिक कोणता ठिपका कुठे सरकला, हे मोजावं लागतं. फोन स्थिर असेल तर हे सोपं जातं.

पाणी मात्र दोन क्षणी सारखं नसतं. क्षणभरानंतरचा प्रवाह आधीच्या चित्रांत बसवला, तर मधल्या भागातलं पाणी डोळ्यांना खटकत नाही, पण ठिगळाच्या कडेवर धारा तुटलेल्या दिसतात. धुकं सरकत असेल तर उजेडही जुळत नाही. आणि पर्यटक आठही सेकंद एकाच जागी उभा राहिला, तर त्याच्यामागचं दृश्य क्लिपमध्ये कुठेच नसतं. मग रचण्यावाचून गत्यंतर नाही.

पुसलेली क्लिप ओळखायची असेल, तर पाण्याकडे नाही, कठड्याकडे किंवा खडकाच्या कडेकडे पाहा. चित्रं एकेक पुढे सरकवा. जे स्थिर असायला हवं ते हललं, तर तिथे काहीतरी पुसलेलं असू शकतं. ओल्या रस्त्यावर माणसाविना उरलेलं लाल प्रतिबिंबही चुगली करतं.

तुमच्याच क्लिपमधला माणूस नको असेल, तर फोन कशाला तरी टेकवून स्थिर धरा आणि तो बाजूला झाल्यावर आणखी पाच सेकंद चित्रण चालू ठेवा. मग बहुधा पुसायची गरजच पडणार नाही. आधीचा भाग कापला, की काम झालं.