सहकाऱ्याच्या तासाला बसल्यावर काय लिहावं?

‘अध्यापन प्रभावी. मुलांचा सहभाग चांगला. फलकलेखनाकडे लक्ष द्यावे.’ शाळांमधल्या निरीक्षण वह्यांमध्ये असे शेरे वर्षानुवर्षं लिहिले जातात. त्यात वाईट काहीच नाही, पण ते कोणत्याही विषयाच्या, कोणत्याही तासाला चालतील. एक सोपी परीक्षा घेऊन पाहावी: शिक्षकाचं नाव आणि तारीख झाकली, तर हा आपलाच तास असं त्याला ओळखता येईल का? येत नसेल, तर त्या कागदावरून त्याला उद्या वर्गात काहीही वेगळं करता येणार नाही.

उपयोगी अहवालाची सुरुवात तासाच्या आधीच होते. पाचवीच्या वर्गातला अपूर्णांकांचा तास उदाहरणादाखल घेऊ. शिकवणाऱ्या बाई सहकारी शिक्षकाला आदल्या दिवशी सांगतात, “सर, माझ्या प्रश्नांना ठरावीकच मुलं उत्तरं देतात असं वाटतं. तेवढंच बघा.” ही एक विनंती फार मोलाची आहे. काय पाहायचं ते बाईंनीच ठरवल्यामुळे निरीक्षक परीक्षक राहत नाही. शिवाय पस्तीस मिनिटांत सगळंच टिपायचा प्रयत्न करणाऱ्याच्या हाती शेवटी धड काहीच लागत नाही.

तासाला सर मागच्या बाकावर बसतात. वहीत वर्गाचा बैठक आराखडा काढलेला असतो. ज्या मुलानं उत्तर दिलं त्याच्या चौकोनात एक रेघ, आणि प्रश्नानंतर बाई किती थांबल्या ते घड्याळाकडे बघून सेकंदांत. प्रश्न आणि उत्तरं शक्य तितकी त्याच शब्दांत उतरवायची. ‘मुलं गोंधळली’ हे अनुमान झालं. ‘1/3 मोठा की 1/4, या प्रश्नावर चार मुलं एकदम म्हणाली, 1/4, कारण चार मोठे’ ही नोंद झाली. अनुमानावर वाद घालता येतो. नोंद समोर ठेवली की दोघांनाही एकाच गोष्टीकडे पाहता येतं.

आता अहवालातला मुख्य भाग असा उतरतो: ‘तुम्ही 22 प्रश्न विचारलेत. त्यांपैकी 15 ना पुढच्या दोन बाकांवरच्या सहा मुलांनी उत्तरं दिली. बहुतेक वेळा साधारण एका सेकंदात तुम्ही नाव घेतलंत किंवा स्वतःच उत्तर दिलंत. पण 1/4 च्या उत्तरानंतर तुम्ही चूक दुरुस्त केली नाहीत. दोन सारख्या कागदी पट्ट्या दिल्यात, एकीचे तीन आणि दुसरीचे चार सारखे भाग करायला लावलेत आणि पाच सेकंद गप्प राहिलात. तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलगी बोलली: जास्त भाग केले की तुकडा बारीक होतो. त्या आधी ती एकदाही बोलली नव्हती.’

या परिच्छेदात ‘छान’ हा शब्द कुठेही नाही, तरी तो वाचून बाईंना बळ येतं. जे हवं आहे ते त्यांनी स्वतःच एकदा करून दाखवलेलं आहे, आणि त्याचा परिणामही कागदावर आहे. त्यामुळे सूचना बाहेरून आणावी लागत नाही: ‘पुढच्या तासाला तीन महत्त्वाचे प्रश्न आधी ठरवून त्यांच्यानंतर असंच थांबून पाहाल का?’ बस, एवढी एकच सूचना. फळा, आवाज, वेळेचं नियोजन यांची यादी जोडली, तर ही एक गोष्टसुद्धा तिच्यात हरवते.

थांबण्याच्या या सूचनेला आधारही आहे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. दुसरा इशारा क्लुगर आणि डेनिसी यांच्या 1996 च्या आढाव्यातून मिळतो. अभिप्रायानं सरासरीनं कामगिरी सुधारत असली, तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती उलट घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. म्हणूनच ‘तुम्ही उत्तम शिक्षिका आहात’ या वाक्यापेक्षा कागदी पट्ट्यांचं वर्णन जास्त कामाचं.

मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हव्यात. मागे पाहुणा बसला की वर्ग थोडा बदलतो, आणि एका तासावरून शिक्षकाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. अहवालात ‘तुम्ही नेहमी’ असे शब्द आले, की नोंदींची जागा मतानं घेतली असं समजावं. आणि हा कागद वार्षिक गोपनीय अहवालाला जोडला जाणार असेल, तर बाई पुढच्या वेळी घोटून घेतलेला पाठच दाखवतील. तो त्या दोघांतच राहावा.

त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटं दोघांनी बसावं. आधी बाईंनी तास कसा वाटला ते सांगावं, मग सरांनी आराखडा पुढे करावा. आठवडाभरानं बैठकीचा तोच आराखडा घेऊन पुन्हा तासाला बसावं आणि मागच्या बाकांच्या चौकोनांत किती रेघा पडतात तेवढंच मोजावं.