तीन फासे, सहा घरं आणि ७९ पैसे

शाळेच्या आनंदमेळ्यात भेळ, सरबत आणि वडापावच्या टेबलांमध्ये एक टेबल नशिबाचं असतंच. कुठे बाटलीच्या गळ्यात रिंग टाकायची असते, कुठे चक्री फिरवायची असते. आपण जे टेबल घेणार आहोत, त्याला सामान जवळजवळ काहीच लागत नाही. पुठ्ठ्यावर स्केचपेनने आखलेली सहा घरं, त्यांत एक ते सहा आकडे, एक स्टीलचा पेला आणि तीन फासे. आवडत्या घरात दहा रुपयांचं कुपन ठेवायचं. पेल्यात खुळखुळवून फासे टाकले जातात. तुमचा आकडा एका फाशावर आला तर तुमचं कुपन परत आणि वर एक कुपन. दोन फाशांवर आला तर वर दोन, तिन्हींवर आला तर वर तीन. आलाच नाही तर कुपन गल्ल्यात. जिंकलेल्या कुपनांवर शेजारच्या टेबलावर भेळ खाता येते.

खेळ जुना आहे आणि जगभर पसरलेला आहे. इंग्रज खलाशी तो बोटींवर खेळत, त्यांच्या फाशांवर आकड्यांऐवजी मुकुट, नांगर आणि पत्त्यांचे चार रंग असत. व्हिएतनामात नववर्षाच्या सणाला घरोघरी हाच खेळ मांडतात, तिथे फाशांवर भोपळा, खेकडा, कोळंबी, मासा, कोंबडा आणि हरीण. चित्रं बदलली तरी देण्याघेण्याचा हिशेब तोच राहिला, कारण तो हिशेब फसवा आहे आणि चटकन पकडता येत नाही.

टेबलापुढे उभा असलेला आठवीतला हुशार मुलगा मित्राला सांगतो, “अरे, आकडे सहा, फासे तीन. म्हणजे तीन षष्ठांश. निम्मे चान्स आपले, निम्मे त्यांचे. शिवाय जोडी आली तर डबल. फायदा आपलाच!” ऐकायला अगदी पटतं. मोठमोठी माणसंही इथेच मान डोलावतात.

हिशेब मांडून पाहू. फासे लाल, हिरवा आणि पांढरा आहेत असं समजा, म्हणजे वेगळे ओळखता येतील. प्रत्येकाची सहा दानं, तेव्हा तिघांची मिळून ६ × ६ × ६ म्हणजे २१६ दानं पडू शकतात. फासे नीट घडवलेले असतील तर सगळी सारख्याच शक्यतेची. मुलाने चार हा आकडा धरलाय. चार अजिबात न येण्यासाठी प्रत्येक फाशावर उरलेल्या पाचांपैकी काहीतरी यायला हवं, अशी दानं ५ × ५ × ५ म्हणजे १२५. नेमका एकाच फाशावर चार येण्याची दानं ७५ : तो फासा कोणता हे तीन प्रकारे ठरतं आणि उरलेल्या दोघांवर पाच-पाच पर्याय. दोन फाशांवर चार येण्याची १५ आणि तिन्हींवर येण्याचं एक. बेरीज २१६, हिशेब जुळला.

म्हणजे कुपन बुडवणारी दानं १२५ आणि काहीतरी हाती देणारी ९१. निम्मे म्हणायला १०८ हवी होती. मग त्या मुलाचे तीन षष्ठांश आले कुठून? ते पूर्णपणे खोटे नाहीत. एका फाशावर ३६ वेळा चार येतो, तीन फाशांवर मिळून १०८ वेळा. पण या १०८ मध्ये जोडीचं दान दोनदा मोजलं गेलंय आणि तिन्ही चार असलेलं तीनदा : ७५ अधिक ३० अधिक ३. ‘चार सरासरी किती फाशांवर येतो’ या प्रश्नाचं ‘अर्धा’ हे बरोबर उत्तर आहे. ‘मी किती वेळा जिंकेन’ हा प्रश्न वेगळा.

तरीही मुलगा हटणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही. “जिंकायची दानं कमी असतील, पण जोडीला जास्त मिळतं त्याचं काय?” फक्त शक्यता सांगून याचं उत्तर देता येत नाही. किती वेळा मिळतं आणि किती मिळतं, दोन्ही एकत्र मोजावं लागतं. गणितात त्याला अपेक्षित मूल्य म्हणतात. कृती साधी : प्रत्येक निकालात हाती येणारी रक्कम घ्यायची, तो निकाल जितक्या दानांत येतो तितक्याने गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण दानांनी भागायचं.

आपल्या टेबलावर ७५ दानांत हाती वीस रुपये येतात (आपले दहा धरून), म्हणजे १५००. पंधरा दानांत तीस, म्हणजे ४५०. एका दानात चाळीस. बेरीज १९९०. ही सगळी २१६ दानं एकेकदा पडली असती तर मुलाने २१६० रुपये मांडले असते आणि १९९० परत मिळवले असते. भागाकार केला की एका डावाचं अपेक्षित मूल्य निघतं नऊ रुपये एकवीस पैसे. दहा रुपयांच्या कुपनामागे ७९ पैसे टेबलाचे.

नऊ रुपये एकवीस पैसे कुणाच्याही हातात कधीच पडत नाहीत. पडतात ते शून्य, वीस, तीस किंवा चाळीस. ‘अपेक्षित’ म्हटलं तरी ती एका डावाची अपेक्षा नव्हे, पुष्कळ डावांची सरासरी ज्या आकड्याकडे सरकत जाते तो हा आकडा. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५७ मध्ये फाशांच्या गणितावर छोटी पुस्तिका छापली. पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये अर्धवट सोडलेल्या डावातल्या पैशांची वाटणी कशी करायची यावर पत्रव्यवहार केला होता, त्या प्रश्नाची चर्चा हायगेन्सच्या कानावर पॅरिसमध्ये आली होती. त्याने विचार केला तो किमतीच्या बाजूने : या डावातली माझी जागा कुणाला विकायची झाली, तर रास्त भाव काय? आपल्या टेबलासाठी ही दृष्टी मला सरासरीपेक्षाही सोयीची वाटते. या डावाचं रास्त तिकीट नऊ रुपये एकवीस पैसे, आणि शाळा घेते दहा. ग्रंथालयासाठी पैसे जमवायचे असतील तर त्यात वावगं काही नाही, फक्त किती घेतोय हे ठाऊक असावं.

पण हे ७९ पैसे जातात कुठे? टेबलावर तर कुणी काही कापून घेताना दिसत नाही. हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर सहा मुलांना सहा घरांत एकेक कुपन ठेवायला सांगा. आता पुठ्ठ्यावर साठ रुपये आहेत. फासे पडले दोन, तीन, सहा. तीन मुलं जिंकली, प्रत्येकाला वीस, एकूण साठ. हरलेल्या तिघांची कुपनं जिंकलेल्या तिघांना गेली आणि टेबलाला छदामही मिळाला नाही. असं २१६ पैकी १२० दानांत होतं. आता फासे पडले पाच, पाच, एक. पाचवाल्याला तीस, एकवाल्याला वीस, गेले पन्नास. दहा रुपये टेबलावर राहिले. अशी दानं ९०. आणि तिन्ही फासे सारखे, उदाहरणार्थ दोन, दोन, दोन : एकालाच चाळीस, गल्ल्यात वीस. अशी दानं सहा.

गंमत अशी, की जोडी किंवा तिकडी पडली की टेबलाभोवती सगळ्यात मोठा जल्लोष होतो, आणि टेबलाची कमाई फक्त त्याच क्षणी होते. ज्याला मुलगा बोनस समजत होता, तीच गळती आहे.

कारण नियमात लपलंय. एक फासा लागला की मुलाच्या हाती वीस येतात : दहा जिंकलेले, दहा स्वतःचे. दुसरा फासा लागला तर त्यात फक्त दहाची भर पडते, कारण स्वतःचं कुपन एकदाच परत मिळतं. प्रत्येक लागलेल्या फाशाला वीस रुपये द्यायचे असं ठरवलं, म्हणजे एकाला वीस, दोनांना चाळीस, तिघांना साठ, तर काय होईल? सरासरी अर्धा फासा लागतो हे आपण पाहिलंच, आणि वीसचे अर्धे दहा. दानं मोजूनही तेच येतं : १५०० अधिक ६०० अधिक ६०, बरोबर २१६०. मुलाचं ‘निम्मे’ या नियमात पैशापैशाने खरं ठरतं. जोडीचे दहा आणि तिकडीचे वीस रुपये कमी दिले, एवढाच सगळा धंदा.

आता टेबलामागच्या बाजूला येऊ, कारण गल्ला सांभाळणाऱ्या बाईंना वेगळी काळजी असते. दिवसभरात तीनशे कुपनं लागतील असा अंदाज आहे. तीनशे गुणिले ७९ पैसे म्हणजे साधारण २३६ रुपये सुटायला हवेत. मुख्याध्यापकांना हा आकडा सांगून टाकावा का? ते मुलं कुपनं कशी मांडतात यावर अवलंबून आहे, आणि अपेक्षित मूल्य त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

समजा, दर वेळी सहाही घरांत एकेक कुपन भरल्यावरच फासे टाकले. तीनशे कुपनं म्हणजे असे पन्नास डाव. वर पाहिलं तसं एकाही डावात टेबलाला खोट येत नाही, फार तर शून्य. दिवसाचा नफा बहुतेक वेळा दीडशे ते सव्वातीनशेच्या दरम्यान राहतो. आता दुसरी तऱ्हा. सहाच्या घराला पोरांची पसंती, दर डावात सहाही कुपनं त्याच एका घरात. सरासरी नफा तोच २३६, एका पैचाही फरक नाही. पण आता एका दानात टेबल साठ रुपये मिळवतं किंवा साठ गमावतं, जोडी पडली तर एकशेवीस आणि तिकडी पडली तर एकशेऐंशी. असे पन्नास डाव झाल्यावर कुठे सातशे रुपये सुटलेले असतील, तर कुठे तीन-चारशेची खोट. अशा शंभर मेळ्यांतल्या तीसेक मेळ्यांत टेबल संध्याकाळी तोट्यात दिसेल, आणि मग कुणीतरी फाशांवर संशय घेईल.

फासे खोटे नसतात, डाव थोडे असतात. डाव वाढले की नफा त्यांच्या पटीत वाढतो, वर-खाली होण्याचा पल्ला मात्र त्याच्या वर्गमुळाच्या पटीत. डाव चौपट झाले तर नफा चौपट आणि पल्ला दुप्पट. कॅसिनोवाल्याला वर्षभरात लाखो डाव मिळतात, म्हणून तो निवांत झोपतो, आणि तरीही एका जागी लावायच्या रकमेला मर्यादा घालून ठेवतो. शाळेला एकच दुपार मिळते, तेव्हा मर्यादा तर हवीच : एका घरात एका वेळी दोनच कुपनं. हाताशी पंचवीस-तीस जादा कुपनांचा गठ्ठा ठेवावा. आणि टेबलावर खणखणीत आवाजाचा एखादा नववीतला मुलगा उभा करावा. “पाच नंबर रिकामाय, पाचावर कोण बसतंय?” असं ओरडून घरं भरली की मगच पेला उचलायचा. पाचावर येणाऱ्या पोराचं त्यात काही बिघडत नाही, त्याचे नऊ रुपये एकवीस पैसे कुठल्याही घरात तेवढेच.