मोठे डोके, लहान धड

संदर्भ-फोटोतला चेहरा एआयने घडवलेल्या शरीरावर बसवला की डोके अनेकदा मोठे दिसते. इन्स्टंटआयडीसारख्या पद्धतीत दोन डोळे, नाक आणि ओठांची दोन टोके, असे पाच बिंदू चेहऱ्याची जागा व आकार ठरवतात. हे बिंदू जवळून काढलेल्या फोटोतून घेतले, तर चेहरा चौकटीत तेवढीच जागा अडवतो आणि उरलेल्या जागेत शरीर आखडते. म्हणून बिंदूंसाठी पूर्ण उंचीचा वेगळा फोटो द्यावा. ओळख जवळच्या फोटोतूनच घ्यावी. मूळ दोष इथेच सुटतो.

चित्र आधीच तयार असेल तर मोजमाप करावे. उभ्या प्रौढाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते. समजा, आकृती १३५० पिक्सेल उंच आणि डोके २७० पिक्सेलचे आहे; म्हणजे उंची फक्त पाच डोकी, लहान मुलासारखी. इथे १३५० ला साडेसातने भागणे चुकीचे, कारण डोके लहान केल्यावर एकूण उंचीही घटते. हनुवटीखालचे १०८० पिक्सेल साडेसहाने भागावेत. उत्तर येते सुमारे १६६, म्हणजे डोके ६२ टक्क्यांवर आणायचे.

हनुवटी जागेवर ठेवून डोके लहान करावे. मान, केसांच्या कडा आणि मागची रिकामी जागा इनपेंटिंगने भरावी. लहान चेहऱ्यात साम्य हरवते, त्यामुळे तेवढा भाग मोठा करून पुन्हा रंगवावा आणि परत बसवावा. बसलेल्या किंवा वाकलेल्या आकृतीला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. तिथे खांद्यांच्या रुंदीशी तुलना करावी.