गल्ल्याला कुलूप, बायोस मात्र उघडा

दुपारचे दोन वाजलेत. मेडिकल दुकानात गिऱ्हाईक नाही आणि मालक जेवायला घरी गेलाय. काउंटरवरच्या बिलिंग काँप्युटरला विंडोजचा पासवर्ड आहे, बिलिंगच्या सॉफ्टवेअरला वेगळा आहे. अशा वेळी कोणीतरी मशीन बंद करून पुन्हा चालू करतो, सुरुवातीलाच F11 किंवा F12 दाबतो आणि खिशातल्या पेनड्राइव्हवरून दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम उघडतो. विंडोज सुरूच झालेली नाही, तर तिचा पासवर्ड विचारणार कोण? थोड्याच वेळात बिलांची फाइल पेनड्राइव्हवर गेलेली असते, नाहीतर तिच्या जागी आठवड्यापूर्वीची प्रत बसलेली असते. संध्याकाळी मालक येतो तेव्हा मशीन नेहमीसारखंच चालू असतं.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो आणि वाट तर मशीनमध्ये आधीपासूनच उघडी असते. ती बंद करायची जागा मदरबोर्डवरच्या एका बारक्या चिपमध्ये आहे. मशीन चालू झाल्याबरोबर विंडोजच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम तिथे असतो. नव्या मशीनमध्ये त्याचं नाव यूईएफआय आहे; दुकानदार आणि काँप्युटरवाला दोघंही अजून बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बायोसमध्ये शिरायला असेम्बल केलेल्या मशीनवर बहुधा Del किंवा F2 दाबावं लागतं, डेलवर F2, एचपीवर F10. आत Security नावाचं पान असतं आणि पहिली फसगत तिथेच होते. पासवर्डच्या दोन जागा दिसतात: Administrator Password आणि User Password. आपण तर मशीन वापरणारे, म्हणून पुष्कळजण दुसरी जागा भरून मोकळे होतात. अनेक असेम्बल मशीनमध्ये एएमआय कंपनीचं बायोस असतं. त्याच्या याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त User Password ठेवला तर तो मशीन चालू करताना विचारला जाईल, आणि तो देणाऱ्याला बायोसमध्ये अॅडमिनिस्ट्रेटरचेच अधिकार मिळतील. म्हणजे सकाळी दुकान उघडणाऱ्या मुलाला पासवर्ड सांगितला की किल्ल्यांचा जुडगाच हातात दिला. मालकाने भरायची ती Administrator Password. तो असला की मशीन रोजच्यासारखं काही न विचारता सुरू होतं, बायोसमध्ये जाऊ पाहणाऱ्यालाच तेवढं अडवतं. पासवर्डमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवावेत, कागदावर लिहून तो कागद तिजोरीत टाकावा. ब्रँडेड मशीनवर हा पासवर्ड विसरला तर कंपनीच्या दारात जावं लागतं, काही लॅपटॉपमध्ये तर मदरबोर्डच बदलावा लागतो.

पासवर्ड लागला की Boot हे पान. पहिल्या क्रमांकावर Windows Boot Manager ठेवायचं आणि पेनड्राइव्ह, सीडी, नेटवर्क यांपैकी जे दिसेल ते Disabled करायचं. इथे एक घाई महागात पडते. यूएसबी बंद करायचं म्हणून काहीजण यूएसबी पोर्टच बंद करून टाकतात. मग कीबोर्ड, बारकोड स्कॅनर आणि बिलाचा थर्मल प्रिंटर एकदमच गप्प होतात आणि काउंटरवर रांग लागते. बंद करायचं आहे ते यूएसबीवरून मशीन सुरू होणं, पोर्ट नव्हे.

एवढं करून थांबलं तरी खात्री नसते. काही बोर्डांवर क्रमातून पेनड्राइव्ह काढला तरी F11 दाबल्यावर तो यादीत हजर असतो. म्हणून सगळं सेव्ह केल्यावर मालकाने स्वतःच चोर व्हावं: काँप्युटरवाल्याकडून विंडोज भरायचा पेनड्राइव्ह आणायचा, लावायचा, मशीन चालू करून बूट मेनू उघडायचा. पासवर्ड विचारला किंवा पेनड्राइव्ह दिसलाच नाही तर काम झालं. दिसला आणि त्यावरून मशीन सुरूही झालं, तर त्या बोर्डाचं कुलूप अर्धवट आहे असं समजावं.

Secure Boot चालू असलं की हे सगळं आपोआप थांबतं, असा एक समज आहे. तो खरा नाही. ज्यावर मान्य सही नाही असा बूट प्रोग्राम Secure Boot अडवतं. पण विंडोजच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टची सही असतेच, आणि उबुंटूसारख्या लिनक्सचा पहिला तुकडाही मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतलेला असतो. ते दोन्ही सरळ आत जातात. Secure Boot चालू ठेवावंच, कारण विंडोजच्या आधी घुसणारे व्हायरस ते रोखतं. त्याच्या भरवशावर पेनड्राइव्हची वाट मात्र उघडी ठेवू नये. जुन्या मशीनवर आधी विंडोजमध्ये `msinfo32` चालवून BIOS Mode ची ओळ पाहावी. तिथे Legacy लिहिलं असेल तर बायोसमध्ये CSM बंद केल्याबरोबर विंडोज उघडायचीच थांबेल. अशा मशीनला हात न लावलेला बरा.

ज्या बोर्डावर पेनड्राइव्ह काही केल्या थांबत नाही, तिथे उपाय डिस्कवरच करावा लागतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. ते चालू केलं की पेनड्राइव्हवरून आत शिरलेल्याला डिस्कवर नुसता गोंधळ दिसतो. मात्र बिटलॉकर चालू असताना बायोसचं काही बदललं, तर पुढच्या वेळी मशीन 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर दुकानाचा सगळा हिशेब मालकालाही बंद. म्हणून बायोसला हात लावण्याआधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ चालवावी आणि दिसलेली की कागदावर उतरवून घ्यावी:

```
manage-bde -protectors -get C:
```

आता तारखेचं. विंडोजमध्ये साध्या खात्यावर काम करणाऱ्याला तारीख बदलता येत नाही, पण उघड्या बायोसच्या पहिल्याच पानावर तारीख आणि वेळ असते. ती मागे नेली आणि इंटरनेटची वायर काढलेली असली, तर मशीनचं घड्याळ पाहून छापलं जाणारं बिल मागच्या तारखेचं निघतं. Administrator Password ही वाट आपोआप बंद करतो. तरी कधी अचानक बिलावर काही वर्षांपूर्वीची तारीख आली, तर लगेच कोणावर आळ घेऊ नये. मदरबोर्डवर CR2032 नावाची तीन व्होल्टची गोल बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मूळ तारखेला जातं. रोज रात्री स्विच बंद करणाऱ्या दुकानात हे आधी लक्षात येतं.

हीच बॅटरी या साऱ्या बंदोबस्तातली कच्ची जागा आहे. अनेक असेम्बल मशीनमध्ये ती काही मिनिटं काढून ठेवली, किंवा शेजारच्या दोन पिना जोडल्या, की बायोसचा पासवर्डच पुसला जातो. तेव्हा कॅबिनेटच्या मागे कुलूप अडकवायची कडी असेल तर तिला कुलूप लावावं. नसेल तर झाकणाच्या सांध्यावर कागद चिकटवून त्यावर सही करावी. याने चोरी थांबत नाही, पण झाकण उघडलं गेलं हे कळतं.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच बिल खोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला यातलं काहीही अडवत नाही. तो बंदोबस्त त्या सॉफ्टवेअरच्या युजरच्या यादीत करायचा. आणि मशीन दुरुस्तीला जाऊन परत आलं की पहिलं बिल फाडण्याआधी एकदा Del दाबून पाहावं. बोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केलं की बरेचदा सगळी सेटिंग मूळपदावर आलेली असतात, आणि दुरुस्तीवाला ते सांगेलच असं नाही.